मालकाने तुमच्या भाड्यावर कर्ज काढलं, तर: ‘एलआरडी’च्या कागदावर सही करण्यापूर्वी

दुपारची वेळ. बाणेरमधल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर डायग्नोस्टिक सेंटर चालवणाऱ्या डॉक्टर बाईंकडे जागेचे मालक येतात, चहा घेतात आणि निघताना पिशवीतून दोन पानी पत्र काढतात. “ताई, बँकेची फॉर्मॅलिटी आहे. पुढच्या महिन्यापासून भाडं या खात्यात टाका, एवढंच. इथे सही आणि शिक्का.” बाईंनी सही केली नाही, फोटो काढून मला पाठवला. त्या दोन पानांत खातं बदलण्याची गोष्ट दीड ओळीत होती. उरलेल्या मजकुरात त्या पुढची सात वर्षं स्वतःला बांधून घेत होत्या.

मी बरीच वर्षं बँकेच्या कर्ज विभागात अशी पत्रं तयार करण्याचं काम केलं, आता भाडेकरूंच्या बाजूने वाचतो. ज्यांनी पहिल्यांदाच ऑफिस, क्लिनिक किंवा शोरूमसाठी जागा भाड्याने घेतली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. वरचीच केस शेवटपर्यंत घेतो. ओळख लपवण्यापुरते तपशील बदलले आहेत, हिशोब मात्र पूर्ण मांडतो.

आधी समजून घ्या: बँक नेमकं काय विकत घेते

लीज रेंटल डिस्काउंटिंग, म्हणजे बोलीभाषेत एलआरडी. मालकाला तुमच्याकडून पुढे जे भाडं मिळणार आहे, त्याची आजची किंमत काढून बँक ती रक्कम एकरकमी कर्जाऊ देते आणि हप्ता थेट तुमच्या भाड्यातून वळता करून घेते. जागा तारण असतेच, पण बँकेचा खरा भरवसा असतो भाडं भरणाऱ्यावर. म्हणून कर्ज मालकाचं असलं तरी बँक तुमचा ताळेबंद मागते.

बाईंच्या सेंटरचं भाडं महिना २,००,००० रुपये, जीएसटी वेगळा. नऊ वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा, त्यातली दोन वर्षं झालेली, सात शिल्लक. भाड्यातून १० टक्के टीडीएस कापला जातो, म्हणजे मालकाच्या हाती येतात १,८०,०००. मालमत्ता कर आणि सोसायटीचा मेंटेनन्स मालकाकडे आहे, तो धरू महिना १५,०००. राहिले १,६५,०००. यातला ९० टक्के भाग हप्त्यासाठी धरायचा असं बँकेने ठरवलं, तर हप्ता बसतो १,४८,५००. व्याज साडेनऊ टक्के आणि मुदत ८४ महिने धरली, तर या हप्त्यात बसणारं कर्ज येतं साधारण ९१ लाख. टक्केवारी बँकेगणिक बदलते, पद्धत हीच.

आता मुदत बदलून पाहा. तोच हप्ता, तेच व्याज, पण मुदत ८४ ऐवजी ३६ महिने. कर्ज उतरतं साधारण ४६ लाखांवर. जागा तीच, भाडं तेच, मालकही तोच. मुदतीवरून रक्कम निम्मी होते. आणि ती मुदत ठरते तुम्ही किती वर्षं जागा सोडणार नाही यावर, म्हणजे लॉक-इनवर.

याला रिझर्व्ह बँकेच्या नियमांचीही जोड आहे. भाड्यातून फिटणारी अशी कर्जं सर्वसाधारणपणे व्यावसायिक स्थावर मालमत्तेची कर्जं म्हणून धरावीत, असं तिने २००९च्या परिपत्रकात सांगितलं. हा वर्ग जोखमीचा मानला जातो, त्यामुळे बँकेला तो महाग पडतो. मात्र करारातला लॉक-इन कर्जाच्या मुदतीपेक्षा कमी नसेल आणि मधल्या काळात भाडं खाली आणण्याची मुभा नसेल, तर कर्ज त्या वर्गाबाहेर ठेवता येईल, अशी सूटही त्यात होती. एलआरडीच्या पत्रात लॉक-इन वाढवण्याचं आणि भाडं कमी न मागण्याचं कलम हमखास दिसतं, त्यामागचं एक कारण हे आहे. मालक त्याला फॉर्मॅलिटी म्हणतो. खरं तर त्या कलमावर त्याच्या कर्जाची रक्कम आणि व्याज, दोन्ही अवलंबून असतं.

म्हणून भाडेकरूच्या हातात जो काही जोर असतो, तो सही होण्याआधीच. सही झाल्यावर मालक फोन उचलेलच असं नाही.

पायरी पहिली: जागा घेण्यापूर्वी बोजा तपासा

आधी तुम्ही आलात आणि नंतर जागा गहाण पडली, की आधी गहाण होती आणि मग तुम्ही आलात, यावर पुढचं बरंच काही ठरतं. तुमचा नोंदणीकृत भाडेपट्टा आधीचा असेल, तर नंतर आलेल्या बँकेला तो मानावा लागतो. जागा आधीच गहाण असेल, तर गोष्ट वेगळी. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६५-अ प्रमाणे ताब्यात असलेल्या मालकाला गहाण जागाही भाड्याने देता येते, पण इमारतीच्या बाबतीत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीसाठी नाही. शिवाय गहाणखतात वेगळं लिहिलं असेल तर तेच चालतं, आणि ‘बँकेच्या लेखी संमतीशिवाय भाड्याने देणार नाही’ हे वाक्य बँकांच्या गहाणखतात जवळजवळ नेहमी असतं. म्हणजे मालकाने प्रेमाने पाच वर्षांचा करार केला आणि बँकेला विचारलंच नाही, तर तो करार त्याच्यावर बंधनकारक आहे, बँकेवर नाही.

तपासणीला फार वेळ लागत नाही. `igrmaharashtra.gov.in` वर ई-सर्चमध्ये गावाचं नाव आणि मिळकत क्रमांक टाकून इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा काढा. दस्त ठेवून केलेल्या गहाणाची सूचना महाराष्ट्रात दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते, ती इथे ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’ म्हणून दिसते. ही तरतूद २०१३ पासून लागू आहे, त्याआधीचं गहाण इथे दिसेलच असं नाही. दुसरी जागा `cersai.org.in`, म्हणजे बँकांच्या तारणांची केंद्रीय नोंदवही. किरकोळ शुल्क भरून कोणालाही शोध घेता येतो. मालक कंपनी असेल तर `mca.gov.in` वर तिच्यावरच्या चार्जेसची, म्हणजे बोजांची यादीही पाहा. पत्ता लिहिण्याच्या तऱ्हा इतक्या, की एका नोंदवहीत न सापडलेला बोजा दुसरीकडे सापडतो. गाळा क्रमांक ‘२०४’, ‘२०४-ए’, ‘ऑफिस नं. २०४’ असा तीन पद्धतींनी शोधा.

बोजा सापडला म्हणून जागा सोडायची गरज नाही, पुण्या-मुंबईत चांगल्या व्यावसायिक जागा बहुतेक गहाणच असतात. पण करारावर सही करण्यापूर्वी बँकेचं संमतीपत्र मागा. त्यात तुमचं नाव, जागेचा क्रमांक, मुदत आणि डिपॉझिटची रक्कम असायला हवी. ‘आमची हरकत नाही’ एवढीच ओळ असेल, तर उद्या ती कशाला नव्हती यावरच वाद होईल.

इथे एक खास आपल्याकडचा धोका. महाराष्ट्रात व्यावसायिक जागासुद्धा सर्रास लीव्ह अँड लायसन्सवर दिली जाते, कारण साठ महिन्यांपर्यंतच्या लायसन्सला मुद्रांक शुल्क अगदी कमी लागतं. पण लायसन्सने तुम्हाला जागेत कोणताही हक्क मिळत नाही, मिळते ती फक्त वापरायची परवानगी. सुखाधिकार कायद्याचं कलम ५९ तर स्पष्टच सांगतं, की परवानगी देणाऱ्याने जागा दुसऱ्याला हस्तांतरित केली, तर तो दुसरा त्या परवानगीने बांधला जात नाही. लिलावात जागा घेणाऱ्याला हे कलम फार आवडतं. फर्निचर आणि मशिनरीवर चाळीस-पन्नास लाख घालणार असाल, तर मुद्रांकाचे पैसे वाचवायला लायसन्स करू नका, भाडेपट्टा करा आणि नोंदवा.

बाईंची स्थिती इथे बरी होती. भाडेपट्टा नोंदणीकृत, आणि तो झाला तेव्हा जागेवर बोजा नव्हता.

पायरी दुसरी: पत्र आलं की कलम कलम वाचा

बँका या कागदाला वेगवेगळी नावं देतात: भाडेकरूचं पोचपत्र, हमीपत्र, त्रिपक्षीय करार. नाव काहीही असो, त्यात चार-पाच गोष्टीच असतात. बाईंच्या पत्रातली कलमं एकेक करून घेतो.

पहिलं कलम: यापुढे भाडं अमुक खात्यातच जमा करीन आणि बँकेच्या लेखी परवानगीशिवाय खातं बदलणार नाही. हे मान्य करायला हरकत नाही.

दुसरं: ‘कोणत्याही कारणास्तव, कोणतीही वजावट न करता’ पूर्ण भाडं भरीन. इथे थांबा. एक तर टीडीएस ही वजावटच आहे आणि ती कायद्याने करावीच लागते. दुसरं असं, की बाईंच्या भाडेपट्ट्यात लिहिलं होतं: मालकाच्या वाट्याची दुरुस्ती पंधरा दिवसांत झाली नाही तर भाडेकरूने करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. पत्रातलं हे एक वाक्य भाडेपट्ट्यातलं ते कलम मोडीत काढतं. बदल असा सुचवला: ‘टीडीएस आणि भाडेपट्ट्यातील कलमानुसार अनुज्ञेय वजावटी वगळून’. बँकेने कुरकुर केली, मग वजावटीवर वर्षाला एका महिन्याच्या भाड्याची मर्यादा घालून मान्य केलं. अशी मर्यादा घेऊन तडजोड होते, कारण बँकेला भीती हप्ता बुडण्याची असते, पंप दुरुस्तीच्या बिलाची नसते.

तिसरं कलम लॉक-इनचं. मूळ करारात भाडेकरूवर लॉक-इन तीन वर्षांचा होता, त्यातलं एक वर्ष बाकी. पत्रात लिहिलं होतं, ‘भाडेपट्ट्याची उर्वरित संपूर्ण मुदत हा लॉक-इन काळ समजण्यात येईल.’ म्हणजे सेंटर चाललं नाही आणि जागा सोडायची वेळ आली, तर आजवर जास्तीत जास्त बारा महिन्यांचं, म्हणजे २४ लाखांचं ओझं होतं. सही केल्यावर ते ८४ महिन्यांचं, १ कोटी ६८ लाखांचं होतं, तेही मधली भाडेवाढ न धरता. कोर्टात गेल्यावर मालकाचं खरं नुकसान किती झालं हा वाद घालता येतो, पण तो वाद घालायला वकील, वर्षं आणि दम लागतो.

लॉक-इन द्यायचाच नाही असं मी म्हणत नाही. बाईंना सात वर्षं तिथेच राहायचं होतं. मग ते फुकट का द्यायचं? ४६ लाख आणि ९१ लाख यांतला फरक त्यांच्या सहीमुळे मालकाच्या खिशात जाणार होता. आम्ही दोन गोष्टी मागितल्या. एक, लॉक-इन दोन वर्षांनी वाढेल, सहाने नाही. त्यानंतर सहा महिन्यांची नोटीस देऊन किंवा बँकेला पटेल असा दुसरा भाडेकरू आणून बाहेर पडता येईल. दुसरी, डिपॉझिटबद्दल. तिच्याकडे पुढे येतो.

चौथं कलम: ‘भाडेकरूने आगाऊ भाडं दिलेलं नाही आणि मालकाविरुद्ध कोणताही दावा नाही.’ खरं असेल ते लिहा. दोन महिन्यांचं भाडं आगाऊ दिलं असेल तर तारखेसह टाका. ते आज लिहिलं नाही, तर पुढे बँकेसमोर सांगून उपयोग नाही, कारण तुम्हीच सही करून नाही म्हटलेलं असेल.

आणि पत्रात जे नव्हतं, तेच सर्वात महत्त्वाचं होतं. बँकेकडून बाईंना काहीच वचन नव्हतं. म्हणून एक ओळ घालायला सांगितली: ‘भाडेकरू या पत्राप्रमाणे भाडं भरत असेल आणि कराराचा भंग करत नसेल तोवर बँक, तिचा प्रतिनिधी किंवा तिच्याकडून जागा घेणारी व्यक्ती भाडेपट्ट्याच्या मुदतीत त्याच्या ताब्यात अडथळा आणणार नाही.’ खरं सांगायचं, तर अनेक बँका ठरलेल्या मसुद्याबाहेर जात नाहीत, सरकारी बँका तर फारच क्वचित. मोठी कंपनी भाडेकरू असेल तर ही ओळ मिळते, लहान क्लिनिकला झगडावं लागतं. नाहीच मिळाली, तर दुय्यम मार्ग असा: बँकेने पत्राच्या प्रतीवर ‘भाडेपट्टा दस्त क्रमांक अमुक, दिनांक अमुक, डिपॉझिट रुपये १२ लाख, याची नोंद घेतली’ असं लिहून शाखेचा शिक्का द्यावा. बाईंना एवढंच मिळालं. पण ज्या बँकेने असा शिक्का दिला आणि नंतर दरमहा तुमचं भाडं घेतलं, तिला तुम्ही कोण हेच माहीत नव्हतं, असं पुढे म्हणता येत नाही.

पायरी तिसरी: मालकाच्या हातात काय उरतं, ते मोजा

भाडेकरू ही पायरी सहसा गाळतात. सगळ्यांना भीती असते ती बँक येऊन कुलूप लावील याची. तशी वेळ येते, पण त्याच्या कितीतरी आधी रोजचे त्रास सुरू होतात, आणि त्यांचं मूळ साध्या वजाबाकीत असतं.

बाईंनी मूळ पत्रावर तशीच सही केली असती, तर काय झालं असतं ते पाहा. दोन लाखांतून टीडीएस २०,००० गेला, हप्ता १,४८,५०० गेला. उरले ३१,५००. त्यातून मेंटेनन्स आणि मालमत्ता कर १५,०००. मालकाच्या हातात महिना १६,५००. टीडीएसचा हिशोब पुढे त्याच्या प्राप्तिकरात होईल, पण तोवर हा आकडा. कर्जाचे ९१ लाख तर केव्हाच दुसरीकडे गेलेले असतात, बहुधा नवीन जागेच्या बुकिंगला.

आता वरचा एसीचा मोठा युनिट बिघडला आणि करारानुसार तो मालकाने बदलायचा आहे. खर्च तीन लाख. सोळा हजार हातात असणारा माणूस काय करील? “बघतो, पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो.” त्याची नियत वाईट असेलच असं नाही, त्याने सात वर्षांचं भाडं आधीच खर्च केलेलं आहे. व्याज बहुतेक बदलतं असतं. ते दोन टक्क्यांनी वाढलं आणि मुदत तीच ठेवली, तर हप्ता साधारण १,५८,००० होतो आणि हातात उरतात सात हजार. मग सोसायटीचा मेंटेनन्स थकतो. लिफ्टजवळच्या फलकावर थकबाकीदारांच्या यादीत तुमच्या ऑफिसचा नंबर दिसला, तर ते शोभेचं प्रकरण समजू नका. पुढे हप्ता अडणार असल्याची बहुतेकदा ती पहिली खूण असते.

आणि डिपॉझिट? बाईंनी १२ लाख दिले होते. ते बँकेकडे जात नाहीत, एस्क्रोसारख्या तिऱ्हाइताच्या देखरेखीखालच्या खात्यात राहत नाहीत. मालकाने घेतले आणि वापरले. महिना १६,५०० साठवून १२ लाख जमवायला सहा वर्षांहून जास्त लागतील. जागा लिलावात गेली, तर नवा मालक म्हणणार, ‘मी पैसे घेतलेच नव्हते’, आणि बँकेच्या लिलावाची जाहिरात तर ‘आहे तिथे, आहे तसे’ या अटीवर असते. मग डिपॉझिटसाठी तुम्ही जुन्या मालकाच्या मागे, आणि त्याच्या मागे आधीच बँक.

म्हणून लॉक-इनच्या बदल्यात आम्ही डिपॉझिट कमी करून मागितलं. कर्ज मंजूर होऊन रक्कम सुटते तो एकच दिवस मालकाकडे रोकड असते. मंजुरी झाल्यावर, रक्कम वितरित होताना बँकेने त्यातून सहा लाख थेट भाडेकरूच्या खात्यात वळते करावेत, अशी अट घातली. मालकाने दोन दिवस फोन केला नाही, तिसऱ्या दिवशी मान्य केलं. उरलेलं डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्याइतकं, म्हणजे सहा लाख. शेवटच्या तीन महिन्यांत ते भाड्यात वळतं करता येईल असं कलम बँक मान्य करत नाही, कारण त्या तीन महिन्यांचा हप्ता कोण भरणार? ते मागून वेळ घालवू नका.

पायरी चौथी: खातं बदलताना

भाडं बँकेकडे वळवल्याची लेखी सूचना मिळेपर्यंत थेट मालकाला दिलेलं भाडं वैध धरलं जातं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १३० तसं सांगतं. सूचना मिळाल्यानंतर जुन्या खात्यात गेलेले पैसे मात्र तुम्हाला पुन्हा भरावे लागू शकतात. माझ्या एका ग्राहकाच्या अकाउंटंटने दर पाच तारखेची ऑटो पेमेंटची सूचना बंदच केली नाही. दोन महिन्यांचं भाडं मालकाच्या जुन्या बचत खात्यात गेलं, त्याने ते वापरलं, आणि बँकेने भाडेकरूला थकबाकीची नोटीस धाडली. भांडून निभावलं, पण एक महिना झोप नव्हती.

उलट दिशेनेही सांभाळा. ‘खातं बदललं आहे’ असा नुसता ईमेल किंवा व्हॉट्सॲपवरचं पत्र आलं तर त्यावर पैसे पाठवू नका. मालकाच्या सहीचं पत्र मागा आणि पत्रावरच्या नंबरवर नाही, तर शाखेत जाऊन खातं कोणाच्या नावाचं आहे ते पाहा.

पैसे बँकेच्या खात्यात गेले तरी भाडं मालकाचंच आहे. टीडीएस त्याच्याच पॅनवर भरायचा, जीएसटीचं बिलही त्यानेच द्यायचं. बिल आलं नाही तर इनपुट क्रेडिट अडकतं आणि बँक त्यात लक्ष घालत नाही. तेव्हा बिल आधी, भाडं नंतर, हा क्रम पत्रातच लिहून घ्या.

पायरी पाचवी: दारावर नोटीस लागली, तर

हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की कर्ज एनपीए होतं. मग सरफेसी कायदा, २००२ च्या कलम १३(२) खाली बँक मालकाला ६० दिवसांची नोटीस देते. ती तुम्हाला येत नाही. तुम्हाला कळतं ते पुढच्या टप्प्यावर, जेव्हा कलम १३(४) खाली ताबा सूचना दारावर चिकटवली जाते आणि दोन वर्तमानपत्रांत छापली जाते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. मराठी दैनिकात आतल्या पानांवर बारीक टायपातल्या ज्या ‘ताबा सूचना’ असतात, त्या याच. हा ताबा बहुतेकदा सांकेतिक असतो. माणसं येऊन सामान बाहेर काढत नाहीत. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाते.

पुढचे दोन-तीन दिवस महत्त्वाचे. बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याचं नाव सूचनेवर असतं. त्याला रजिस्टर्ड पोस्टाने आणि ईमेलने उत्तर द्या: मी अमुक तारखेच्या नोंदणीकृत भाडेपट्ट्याने भाडेकरू आहे, भाडं तुमच्याच खात्यात भरतो आहे. सोबत भाडेपट्टा, शिक्का मारलेलं ते पोचपत्र, भाडं भरल्याचे बँकेचे उतारे, त्या पत्त्यावरची जीएसटी नोंदणी, गुमास्ता आणि वीजबिल जोडा.

याच काळात मालकाचा फोन येतो. “बँकेशी सेटलमेंट चाललंय, दोन महिने भाडं माझ्या हातात द्या.” देऊ नका. भाडं त्याच खात्यात चालू ठेवणं हा तुमचा सर्वात मोठा पुरावा आहे. आणि १३(२)ची नोटीस गेल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय मालकाला जागा नव्याने भाड्याने देता येत नाही. त्या काळात घाईघाईने केलेलं ‘नूतनीकरण’ तुमची जुनी बाजूही संशयास्पद करून टाकतं.

बँक ऐकत नसेल, तर कर्जवसुली न्यायाधिकरणात कलम १७ खाली अर्ज करायचा. मुदत ४५ दिवसांची, आणि ती वकील शोधण्यातच संपते. २०१६च्या दुरुस्तीने भाडेकरूसाठी कलम १७(४-अ) आलं. त्याखाली न्यायाधिकरण चार गोष्टी पाहतं: मुदत संपली आहे का, भाडेपट्टा कलम ६५-अ च्या विरुद्ध आहे का, गहाणखताच्या अटींविरुद्ध आहे का, आणि तो १३(२)च्या नोटिशीनंतर केला आहे का. चारही उत्तरं ‘नाही’ असतील, तर तुमची बाजू भक्कम. नोंदणी नसलेल्या किंवा तोंडी भाडेकरूबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१४च्या हर्षद सोंडागर खटल्यात सांगितलं, की कायद्याने अशा भाडेपट्ट्याला जेवढी मुदत मिळते, तिच्यापुढे ताबा राखता येणार नाही. ती मुदत एका वर्षाची. ‘आमचं आणि मालकांचं घरच्यासारखं आहे, कागद कशाला’ म्हणणाऱ्यांना इथे एक वर्ष मिळतं, तेही मिळालं तर.

आणखी एक: तुमची कंपनी असेल आणि भरणा झालेलं भागभांडवल एक कोटी किंवा त्याहून जास्त असेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण तुम्हाला नाही. मग जे काही संरक्षण आहे, ते करारातच.

पायरी सहावी: बाहेर पडताना

जागा सोडायची असेल तर नोटीस मालकाला आणि बँकेला, दोघांनाही द्या. नुसती मालकाला दिली आणि किल्ल्या त्याच्या हातात ठेवल्या, तर बँकेच्या वहीत तुम्ही अजून भाडेकरूच असता. नोटिशीच्या दिवशीच डिपॉझिटचा विषय काढा, कारण तुम्ही गेल्यावर त्या जागेचं भाडं थांबतं, हप्ता थांबत नाही, आणि नवा भाडेकरू येईपर्यंत मालकाकडे तुम्हाला द्यायला काहीच नसतं. व्यवहारात डिपॉझिट बहुतेकदा नव्या भाडेकरूच्या डिपॉझिटमधूनच परत मिळतं. तेव्हा नवा कोणी जागा पाहायला आला तर त्याला नीट दाखवा, चहाही द्या. ताब्याची पावती, डिपॉझिट मिळाल्याची नोंद आणि ‘भाडेकरूकडून काही येणं नाही’ हे बँकेचं पत्र, या तिन्ही गोष्टी हातात आल्याशिवाय शटरची शेवटची किल्ली देऊ नका.